न येणाऱ्या टूलचं पैसे घेऊन काम घ्यायचंय? मग 'हो' म्हणायच्या आधीपासून सुरुवात करा

फ्रीलान्सिंगमध्ये हा प्रसंग सगळ्यांवर येतो. क्लायंट जुना, तुमच्या कामावर खूश, आणि एक दिवस विचारतो, "हे अमुक टूलमध्ये करून द्याल का?" तुम्ही त्या टूलचं फक्त नाव ऐकलेलं असतं. यावर दोन चुका नेहमी होतात. एक, "हो करू की, बरेचदा केलंय" असं ठोकून द्यायचं आणि रात्रभर व्हिडिओ बघत बसायचं. दुसरी, "मला नाही येत हो" म्हणून हातातलं काम सोडून द्यायचं, जे खरं तर चार आठवड्यांत नीट जमलं असतं.

मी इथे एकच केस धरून पूर्ण क्रम सांगतो. मला एक्सेल आणि एसक्यूएल चांगलं येत होतं, पण पॉवर बीआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं टूल, शून्य. क्लायंट घाऊक माल विकणारा, तीन शाखा, प्रत्येक शाखेच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून चालू महिन्याची एक सीएसव्ही फाइल रोज निघते. त्याला हवं होतं की रोज सकाळी 9 पर्यंत एक डॅशबोर्ड तयार असावा, शाखेप्रमाणे किती नग विकले, किती परत आले, परतीचं प्रमाण किती टक्के, आणि ते सात जणांना आपापल्या लॉगिनने दिसावं. मुदत चार आठवडे. तुमचं टूल दुसरं असेल, पण क्रम हाच ठेवा, कारण घोळ बहुतेक वेळा क्रमातच होतो.

## 1. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकावर खरं लेबल लावा

क्लायंटला उत्तर द्यायच्या आधी अर्धा तास काढून एका कागदावर सगळं काम लिहा, आणि टूलच्या भाषेत लिहू नका, कामाच्या भाषेत लिहा. माझी यादी अशी होती: फाइली एकत्र करणं, घाण साफ करणं, आकडे काढणं, पानं मांडणं, सात जणांपर्यंत पोचवणं, रोज आपोआप ताजं करणं.

आता प्रत्येकापुढे तीनपैकी एक लेबल. 'केलंय' म्हणजे अगदी हेच, दुसऱ्या कुणासाठी, पैसे घेऊन केलंय. 'जवळचं' म्हणजे दुसऱ्या टूलमध्ये केलंय. 'कोरं' म्हणजे आयुष्यात नाही केलं.

इथे स्वतःशी खोटं बोलायची फार सवय असते. आकडे काढण्यापुढे मी पटकन 'केलंय' लिहिलं होतं, कारण पिव्होट टेबल मी झोपेतही करतो. पण पॉवर बीआयमध्ये आकडे डॅक्स नावाच्या फॉर्म्युला भाषेत निघतात आणि ती दिसायला एक्सेलसारखी असली तरी वागायला अजिबात तशी नाही, तेव्हा ते 'जवळचं' होतं. पोचवणं आणि रोज ताजं करणं ही दोन पूर्ण कोरी होती.

थांबा: कोऱ्या तुकड्यात चूक झाली तर ती परत फिरवता येते का? डॅशबोर्ड चुकला तर तो पुसून नवा करता येतो, मूळ फाइली तशाच राहतात. पण कोरा तुकडा म्हणजे चालू डेटाबेसमध्ये बदल करणं, लोकांचे पगार काढणं, सरकारी रिटर्न भरणं असं काही असेल तर हे काम शिकता शिकता करायचं नाही, एवढं साधं आहे. तिथे 'नाही' म्हणा किंवा येणाऱ्या माणसाच्या हाताखाली घ्या.

## 2. दोन संध्याकाळी काढा, पण शेवटच्या टोकापासून तपासा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. टूल डाउनलोड करतात, नमुन्याचा डेटा टाकतात, एक सुंदर ग्राफ येतो, आणि "अरे सोपंय की" म्हणून क्लायंटला होकार कळवून मोकळे होतात. ग्राफ काढणं हा त्या टूलचा सगळ्यात सोपा भाग असतो, ते टूल विकलंच त्यावर जातं. तुम्हाला गाडून टाकणारी गोष्ट दुसऱ्या टोकाला असते, जिथे तुमचं काम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच्या लॉगिनने, तुम्ही नसताना चालायला हवं.

म्हणून चाचणीत एकच बारीक धागा आरपार ओढायचा. एक फाइल घ्यायची, तिच्यातून एक आकडा काढायचा, तो ऑनलाइन टाकायचा, दुसऱ्या माणसाच्या लॉगिनने उघडायचा, आणि दुसऱ्या दिवशी मूळ फाइलमध्ये एक ओळ वाढवून बघायचं की तो आकडा आपोआप बदलतो का. ग्राफचा रंग कसला आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. दिसायला भिकार असू दे.

माझ्या दोन संध्याकाळींत हे बाहेर आलं, आणि यातलं काहीच सुरुवातीच्या व्हिडिओंत मला दिसलं नव्हतं:

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे पण फक्त विंडोजवर चालतं. ऑनलाइन सर्व्हिसला जीमेलसारखा वैयक्तिक पत्ता चालत नाही, कंपनीचा किंवा शाळा-कॉलेजचा ईमेल लागतो. रिपोर्ट शेअर करायचा तर बनवणाऱ्याला पेड लायसन लागतंच, पण नुसता बघणाऱ्यालाही लागतं, कंपनीने मोठी कपॅसिटी, म्हणजे सर्व्हरची राखीव ताकद, विकत घेतलेली नसेल तर. म्हणजे सात जण बघणार म्हणजे सात लायसन, आणि क्लायंटच्या डोक्यात होतं की हे सगळं फुकटात होतं.

दुसरं, फाइली जर ऑफिसमधल्या एखाद्या कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये असतील तर ऑनलाइन सर्व्हिस तिथपर्यंत आपली आपण पोचू शकत नाही. त्यासाठी गेटवे नावाचा प्रोग्रॅम बसवावा लागतो आणि ज्या कॉम्प्युटरवर तो बसवलाय तो रिफ्रेशच्या वेळी चालू असावा लागतो. रात्री जाताना कुणी मशीन बंद केलं की सकाळी डॅशबोर्ड शिळा. त्याच फाइली कंपनीच्या शेअरपॉइंट किंवा वनड्राइव्हवर ठेवल्या तर गेटवेची भानगडच नाही. हा निर्णय कोट द्यायच्या आधी व्हायला हवा, कारण त्यावर कामाचे तास बदलतात.

सावधान: लायसनचा विषय निघाला की कुणीतरी सुचवतो, "तो `Publish to web` पर्याय आहे ना, लॉगिनच लागत नाही." बरोबर आहे, लागत नाही, कारण तो रिपोर्ट सगळ्या जगाला उघडा होतो, लिंक हाती लागेल तो बघू शकतो. क्लायंटची विक्री त्यावर टाकायची नाही. नवख्या माणसाच्या हातून होणारी सगळ्यात महाग चूक हीच असेल.

तपासा: दोन संध्याकाळींनंतर तुमच्याकडे "जमेल" किंवा "नाही जमणार" एवढंच असेल तर चाचणी अर्धवट झाली. क्लायंटला विचारायचे निदान तीन प्रश्न हातात असायला हवेत जे आधी सुचलेच नव्हते. माझे होते: कंपनीचे ईमेल सगळ्यांना आहेत का, सात लायसन कोण घेणार, फाइली कुठे ठेवायच्या.

## 3. क्लायंटला काय लिहायचं

खोटं बोलायचं नाही हे सगळ्यांनाच कळतं, अडचण असते ती शब्दांची. खूप माफी मागत लिहिलं तर समोरचा घाबरतो, मोघम लिहिलं ("या क्षेत्रात अनुभव आहे") तर ते खोटंच असतं, फक्त पकडायला जरा उशीर होतो. मी जे पाठवलं ते जवळजवळ असं होतं:

> तुमच्या फाइली साफ करून त्यातून आकडे काढण्याचं काम मी एक्सेल आणि एसक्यूएलमध्ये नेहमी करतो, तुमचंही केलंय. पॉवर बीआयमध्ये मी आजवर क्लायंटसाठी काम केलेलं नाही. या दोन दिवसांत तुमच्या एका फाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक छोटी चाचणी केली, ती दुसऱ्या लॉगिनने उघडली आणि दुसऱ्या दिवशी आपोआप रिफ्रेशही झाली. आधी एका शाखेचे तीन महिने एका पानावर करतो, आकडे तुमच्या जुन्या शीटशी जुळवून दाखवतो, मग पुढचं ठरवू. टूल शिकायचा वेळ बिलात धरलेला नाही. सुरू करण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतील, त्या खाली लिहिल्यात.

यात बघा, 'नाही केलं' हे एकच सरळ वाक्य आहे, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे जे खरंच केलंय ते आहे. "मी लवकर शिकतो" हे वाक्य कुठेही नाही. ते लिहू नका, प्रत्येकजण लिहितो आणि त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी "तुमच्या फाइलवर चाचणी केली" हे लिहिता आलं पाहिजे, म्हणूनच दुसरी पायरी आधी.

आणि हे फोनवर बोलून सोडू नका. फोनवर तुम्ही "नवीन आहे माझ्यासाठी" म्हणता, समोरचा "हो हो, जमवाल तुम्ही" म्हणतो, महिन्याभराने दोघांच्या आठवणीत वेगवेगळं असतं. फोन झाला तरी नंतर दोन ओळी लिहून पाठवा.

## 4. तास आणि पैसे: शिकण्याचं बिल कुणाचं

ह्यावर लोक फार भांडतात. मी एक साधी फूटपट्टी वापरतो. जे शिकलेलं पुढच्या कुठल्याही क्लायंटकडे वापरता येईल ते शिकायचा खर्च माझा. जे फक्त ह्याच क्लायंटच्या कामात उपयोगी आहे, म्हणजे त्याचं बिलिंग सॉफ्टवेअर परतीच्या नोंदी कशा लिहितं, त्याच्या शाखांची नावं तीन फाइलींत तीन तऱ्हेने का आहेत, हे शोधायचा वेळ त्याचा, आणि तो तसा सांगून बिलात घालायचा.

तासांचा अंदाज करताना तुकड्यांची यादी परत घ्या. 'केलंय' आणि 'जवळचं' मिळून मला 22 तास वाटले. कोऱ्या तुकड्यांना 11 वाटले, ते मी दुप्पट करून 22 धरले, एकूण 44. कोऱ्या कामाचा अंदाज कमीच येतो, कारण न दिसणारी पायरी आपण मोजूच शकत नाही. दुप्पट करणं हे काही शास्त्र नाही, माझा अनुभव आहे. मूलभूत शिकायला गेलेले दहा-बारा तास ह्यात नाहीत.

काम दोन टप्प्यांत तोडा आणि पहिला टप्पा असा ठेवा की तिथे थांबलं तरी कुणाचं नुकसान नाही. माझा पहिला टप्पा एक शाखा, तीन महिने, एक पान, आकडे जुळलेले, एका आठवड्यात. नाही जमलं तर क्लायंट फक्त तेवढ्याचे पैसे देणार आणि साफ केलेला डेटा त्याच्याकडे राहणार. असा दरवाजा ठेवला की तुम्हालाही खोटं बोलायची पाळी येत नाही. माणूस थापा मारायला लागतो तो अडकल्यावर, कारण सगळं काम गळ्यात आणि मागे फिरायला वाट नाही.

## 5. शिकायचं ते डेटा ज्या वाटेने जातो त्याच क्रमाने

साठ भागांची व्हिडिओ मालिका पहिल्यापासून बघू नका. तिच्यातले पंचेचाळीस भाग तुमच्या कामाचे नसतात आणि कुठले पंधरा लागतील हे बघायच्या आधी कळत नाही. डेटाची वाट धरा: आधी फाइल आत कशी येते, मग साफ कशी होते, मग टेबलं एकमेकांना कशी जोडतात, मग आकडे, सगळ्यात शेवटी ग्राफ. प्रत्येक ठिकाणी आपल्याच फाइलवर हात चालवायचा, नमुन्याच्या फाइलवर नाही. नमुन्याच्या फाइली कायम आंघोळ करून आलेल्या असतात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. नवीन टूलमध्ये 'कोऱ्या' भागात आपण फार चुकत नाही, कारण तिथे घाबरून हळू चालतो, दोनदा वाचतो. चुकतो ते 'जवळच्या' भागात, कारण जुनी सवय हात धरून ओढते. माझं परतीच्या टक्केवारीचं असंच झालं.

एक्सेलमध्ये मी सवयीने प्रत्येक ओळीपुढे टक्केवारीचा कॉलम करायचो. इथेही तोच केला आणि पानावर त्याची सरासरी लावली. समजा एका शाखेने 1000 नग विकले, 50 परत आले, म्हणजे 5 टक्के. दुसरीने 100 विकले, 20 परत आले, म्हणजे 20 टक्के. दोन्हींची सरासरी 12.5 टक्के. पण खरं तर 1100 पैकी 70 परत आलेत, म्हणजे 6.4 टक्क्यांच्या आसपास. डॅशबोर्ड जवळजवळ दुप्पट परती दाखवत होता, आणि दिसायला एकदम व्यवस्थित. कुठे एरर नाही, लाल अक्षर नाही. बरोबर पद्धत म्हणजे बेरजा आधी, भागाकार नंतर, आणि तो कॉलममध्ये न करता मेझरमध्ये:

```
Return % =
DIVIDE (
    SUM ( Sales[ReturnQty] ),
    SUM ( Sales[Qty] )
)
```

मेझर हे पानावर त्या क्षणी जी शाखा, जो महिना निवडलाय तेवढ्यापुरतं नव्याने मोजलं जातं, कॉलम मात्र डेटा रिफ्रेश होताना ओळीओळीने एकदाच मोजून ठेवला जातो. एक्सेलवाल्याला डॅक्स अवघड जातं त्याचं अर्धं कारण हा एक फरक आहे.

तपासा: 'जवळचं' लेबल असलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे एक ओळ लिहा, "जुन्या टूलमध्ये मी हे असं करायचो, इथे ते चालतं का?" चालतं असं वाटलं तर एका छोट्या, हाताने मोजता येईल अशा उदाहरणावर खात्री करा. वरचं दोन शाखांचं उदाहरण एवढ्याचसाठी चांगलं, दोन ओळींत चूक उघडी पडते.

## 6. जुळवणी: एकूण बेरीज जुळली म्हणून हुरळू नका

नवख्याचं काम खरं आहे हे कशावरून? टूल येतं म्हणून नाही, आकडे दुसऱ्या वाटेने काढूनही तेच येतात म्हणून. तेव्हा क्लायंटकडून जुनी शीट आधीच मागून ठेवा, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे.

माझ्या पहिल्या टप्प्यात एप्रिल, मे, जून होते. तीन महिन्यांची विकलेल्या नगांची बेरीज जुन्या शीटमध्ये 27,415 आणि माझ्याकडेही 27,415. मी खूश. मग फक्त एप्रिल निवडला. जुनी शीट म्हणते 9,630, माझं पान म्हणतं 948.

आता इथे नवीन माणूस काय करतो, फॉर्म्युल्यात घुसतो आणि दोन तास तिथेच घालवतो. त्याआधी तारखेप्रमाणे साधा ग्राफ लावून बघा. मी बघितला तर नुकताच जून संपलेला आणि ग्राफमध्ये डिसेंबरची विक्री! शिवाय प्रत्येक महिन्यात फक्त 4, 5 आणि 6 या तीनच तारखा, आणि अर्ध्याहून जास्त नग `(Blank)` नावाच्या ढिगाऱ्यात. न आलेले महिने दिसणं आणि 12 तारखेच्या पुढे काहीच नसणं ही अगदी ओळखीची खूण आहे, दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असते.

झालं असं होतं. फाइलीत तारीख आधी दिवस मग महिना अशी, माझ्या मशीनची सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना. पॉवर क्वेरी, म्हणजे पॉवर बीआयचा डेटा आत घेऊन साफ करणारा भाग, सीएसव्ही आत घेताना कॉलम कसला आहे हे पहिल्या 200 ओळींवरून ओळखते आणि `Changed Type` नावाची पायरी गुपचूप टाकते. ह्या शाखेत दिवसाला साधारण 43 ओळी, म्हणजे पहिल्या 200 ओळी एप्रिलच्या पहिल्या चार-पाच दिवसांच्या. 03/04 ला ती 4 मार्च समजली, तिला वावगं काहीच दिसलं नाही. पुढे 13/04 आल्यावर तेरावा महिना कुठला, म्हणून त्या ओळींच्या तारखेत एरर, आणि लोड होताना एररची जागा रिकामी. ओळी मात्र गेल्या नाहीत, नग शाबूत, म्हणून एकूण बेरीज चोख जुळली. एप्रिलच्या वाट्याला आले फक्त तिन्ही महिन्यांच्या 4 तारखेचे नग, तेच ते 948.

उपाय पाच मिनिटांचा. ती आपोआप आलेली `Changed Type` पायरी आधी काढा, मग तारखेच्या कॉलमवर `Using Locale` निवडून प्रकार तारीख आणि लोकेल दिवस-आधीवालं, उदाहरणार्थ `English (United Kingdom)`, असं द्या. जुनी पायरी न काढता वर नवीन लावली तर बिघडलेल्या तारखाच पुढे जातात, हेही मी करून बघितलंय.

सावधान: एरर दिसले की `Remove Errors` दाबू नका. इथे ते दाबलं असतं तर अर्ध्याहून जास्त ओळी उडाल्या असत्या, आणि पडदा स्वच्छ दिसला असता.

तपासा: प्रत्येक जुळवणीत चार आकडे बघा. ओळींची संख्या, एकूण बेरीज, एका महिन्याची बेरीज, आणि एका महिन्यातल्या एका शाखेची. चारही जुळले तरच क्लायंटला पान दाखवा, आणि दाखवताना ही चार आकड्यांची जुळवणीही शेजारी ठेवा. नवीन टूल आहे हे तुम्ही सांगितलेलंच आहे, तेव्हा तो हेच बघायला बसलेला असतो.

## 7. अडकलात की किती वेळ गप्प बसायचं

माझी मर्यादा दीड तास. एका प्रश्नावर दीड तास गेला आणि वाट दिसत नाही तर तो प्रश्न लिहून काढायचा, दुसरं काम करायचं, मग कुणाला तरी विचारायचं. मुदतीवर परिणाम होणार असेल तर त्याच दिवशी क्लायंटला कळवायचं, "काम चालू आहे" असं नाही तर, "तारखांचा गोंधळ सापडला, आज दुरुस्त केला, उरलेल्या दोन शाखांत तोच असू शकतो म्हणून एक दिवस जास्त लागेल" असं. त्याला नेमकी अडचण आणि नेमका दिवस हवा असतो.

बाहेर विचारताना क्लायंटच्या फाइलीचा स्क्रीनशॉट टाकू नका. दहा ओळींची खोटी फाइल बनवा जिच्यात तीच अडचण येते. बऱ्याचदा ती फाइल बनवता बनवताच उत्तर सापडतं. आणि एखाद्या जाणकाराचा एक तास पैसे देऊन घेतला तर तो तुमचा खर्च, पण डेटा दाखवणार असाल तर आधी क्लायंटची परवानगी.

## 8. सोपवताना: काय तपासलं नाही तेही लिहा

शेवटी एक पान द्यायचं. त्यावर फाइली कुठे ठेवायच्या, नाव कसं असावं, रिफ्रेश किती वाजता होतो, बिघडला तर पहिल्यांदा काय बघायचं. इथे तीन गोष्टी मी मुद्दाम लिहिल्या, कारण महिन्याभराने क्लायंट त्यावरूनच फोन करतो.

लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसला तर पॉवर बीआय वेळापत्रक स्वतःच बंद करून टाकतं, आणि दोन महिने कुणी रिपोर्ट उघडलाच नाही तरी थांबवतं, म्हणजे मूळ अडचण दूर केल्यावर ते परत चालू करावं लागतं. दुसरं, ऑनलाइन सर्व्हिसमध्ये `TODAY()` यूटीसी वेळेने चालतं, तेव्हा तुमची वेळ यूटीसीच्या पुढे असेल तर पहाटे उघडलेल्या पानावर 'आज' म्हणजे कालची तारीख असू शकते. माझ्या डेस्कटॉपवर हे कधीच दिसलं नसतं, चाचणीत सकाळी लवकर उघडलं म्हणून सापडलं. तिसरं, जे मी केलंच नाही: प्रत्येक शाखाप्रमुखाला फक्त आपलीच शाखा दिसावी अशी सोय ह्यात नाही, सातही जणांना सगळं दिसतं. क्लायंटने ते मागितलं नव्हतं, पण असेल असं तो धरून चालला असता.

तपासा: तुमचं लॉगिन बंद असताना, क्लायंटच्या माणसाकडून एकदा नवीन फाइल टाकून घ्या आणि दुसऱ्या सकाळी आकडा बदलला का ते त्यालाच सांगायला लावा. हे होईपर्यंत शेवटचं बिल पाठवू नका.

आणि प्रोफाइल. काम संपलं की हात शिवशिवतात 'पॉवर बीआय एक्स्पर्ट' लिहायला. मी लिहिलं ते एवढंच: "पॉवर बीआय: एक पूर्ण प्रकल्प, सीएसव्ही फाइलींवरून रोज रिफ्रेश होणारा विक्री डॅशबोर्ड, सात वापरकर्ते. थेट डेटाबेस जोडणी आणि वापरकर्त्याप्रमाणे डेटा लपवणं अजून केलेलं नाही." पुढच्या क्लायंटने नेमकं ते लपवण्याचंच काम विचारलं, आणि मी परत पहिल्या पायरीवर, कागद घेऊन.